तोट्याची पूररेषा

वित्तव्यवस्थापनाच्या परीक्षांमध्ये हमखास येणारा एक प्रश्न साधारण असा असतो. निफ्टीवर आधारलेल्या इंडेक्स फंडात १० लाख रुपये गुंतवले आहेत. वार्षिक सरासरी परतावा १२ टक्के, प्रमाण विचलन १६ टक्के. परतावे प्रसामान्य वितरणानुसार विखुरलेले आहेत असे धरा, वर्षाला बाजाराचे २५० दिवस धरा आणि ९५ टक्के विश्वासपातळीवर एका दिवसाची 'व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क' काढा.

उत्तर चार ओळींत येते: सुमारे १६,१७० रुपये. पण आकडा काढणाऱ्याला 'म्हणजे काय?' असे विचारले, की बरेचदा उत्तर मिळते, 'एका दिवसात जास्तीत जास्त एवढा तोटा होईल.' इथेच सगळा घोटाळा होतो. व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क, किंवा या धंद्यातल्या बोलीत 'व्हार', कमाल तोटा सांगतच नाही.

मग सांगते काय? आपल्याकडे नदीकाठच्या गावांत जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा पाणी जिथवर येईल तिथली, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येईल तिथली. लाल रेषेचा अर्थ पाणी तिच्यापलीकडे कधीच जाणार नाही असा नाही. कोणत्याही एका वर्षी ते पलीकडे जाण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढाच. आणि गेलेच तर वर किती फूट चढेल, याबद्दल रेषा अवाक्षर काढत नाही. व्हार ही तोट्याची पूररेषा आहे. १६,१७० चा खरा अर्थ असा: शंभरातल्या ९५ दिवशी तोटा याच्या आत राहील किंवा नफा होईल, उरलेल्या पाच दिवशी तोटा याहून मोठा असेल. तो किती मोठा असेल, हे या आकड्यात नाही.

म्हणून व्हारचा नुसता आकडा अपुरा असतो. त्याच्यासोबत रक्कम किती, मुदत किती आणि विश्वासपातळी किती, या तीन गोष्टी लागतात. 'आमची व्हार २० लाख' असे कोणी म्हणाले, तर ती एका दिवसाची की दहा, ९५ टक्क्यांची की ९९, हे कळल्याशिवाय त्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही.

गणित सोडवताना

सूत्र सुटसुटीत आहे:

व्हार = रक्कम × (गुणक × प्रमाण विचलन − सरासरी)

सरासरी म्हणजे परताव्याचा मध्य. प्रमाण विचलन म्हणजे परतावे त्या मध्यापासून साधारण किती लांब भरकटतात, त्याचे माप. गुणक सांगतो, की मध्यापासून तोट्याच्या बाजूला किती प्रमाण विचलने चालत गेलो, म्हणजे आपल्या पलीकडे फक्त पाच टक्के (किंवा एक टक्का) दिवस उरतात. प्रसामान्य वितरणाच्या घंटेसारख्या वक्रावर ९५ टक्क्यांसाठी हा गुणक १.६४५ आहे आणि ९९ टक्क्यांसाठी २.३२६. कोष्टक जवळ नसेल तर स्प्रेडशीटमध्ये `=NORM.S.INV(0.99)` टाकले, की २.३२६ मिळतो.

आता पहिली अडचण. प्रश्नातले आकडे वर्षाचे आहेत आणि उत्तर दिवसाचे हवे आहे. सरासरी सरळ भागून येते: १२ भागिले २५० म्हणजे दिवसाला ०.०४८ टक्के. प्रमाण विचलनाला मात्र २५० ने भागायचे नाही, २५० च्या वर्गमुळाने भागायचे. हे वर्गमूळ १५.८१, म्हणून दिवसाचे प्रमाण विचलन १.०१२ टक्के.

हा फरक का, ते समजून घेण्यासारखे आहे. सरासरी परतावा दिवसामागून दिवस एकाच दिशेने साचत जातो. चढउतारांचे तसे नसते. आज पडलेला बाजार उद्या चढतो आणि बरीचशी हालचाल आपसांत वजा होते. त्यामुळे २५० दिवसांचा हेलकावा एका दिवसाच्या २५० पट नसतो, साधारण १६ पट असतो. गणिताच्या भाषेत, प्रमाण विचलनांची बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. मात्र यात एक अट दडलेली आहे: आजच्या परताव्याचा उद्याच्या परताव्याशी संबंध नसावा. घबराटीच्या काळात पडझड सलग दिवस चालते तेव्हा ही अट मोडते, आणि वर्गमुळाने काढलेला दहा दिवसांचा धोका प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो.

पुढचे काम सोपे आहे. १.६४५ गुणिले १.०१२ म्हणजे १.६६५ टक्के. त्यातून सरासरीचे ०.०४८ वजा केले की राहतात १.६१७ टक्के. १० लाखांवर ते झाले सुमारे १६,१७० रुपये. विश्वासपातळी ९९ टक्के केली, तर याच रीतीने सुमारे २३,०६० रुपये येतात.

उत्तर चुकले हे कसे ओळखावे

सर्वांत घातक चूक म्हणजे प्रमाण विचलनालाही २५० ने भागणे. तसे केले तर १० लाखांवरची व्हार जेमतेम ५७० रुपये निघते. इथे गणित बाजूला ठेवून बाजाराकडे बघायचे. निफ्टी एखाद्या दिवशी अर्धा-पाऊण टक्का खाली येणे ही नेहमीची गोष्ट आहे. १० लाखांवर तेच पाच ते साडेसात हजार होतात. शंभरात फक्त पाच वेळा ओलांडला जावा असा तोटा ५७० रुपये कसा असेल?

दुसरी चूक फसवी असते, कारण तिचे उत्तर वेडगळ दिसत नाही. संख्याशास्त्राच्या तासाला ९५ टक्के म्हटले की १.९६ हा आकडा डोक्यात बसलेला असतो. तो दोन्ही बाजूंची टोके मिळून पाच टक्के सोडतो, म्हणजे तोट्याच्या बाजूला अडीच टक्केच. आपल्याला नफ्याच्या टोकाशी देणेघेणे नाही. पाचही टक्के तोट्याच्या बाजूला हवेत. १.९६ वापरून येणारे १९,३६० रुपये ही चुकीची व्हार नव्हे, ती ९७.५ टक्क्यांची बरोबर व्हार आहे; प्रश्न मात्र दुसराच होता.

तिसरी गफलत चिन्हाची. सरासरी परतावा धन असेल तर तो तोटा कमी करतो, म्हणून वजा करायचा. कधी कधी यातून उत्तर ऋण येते आणि विद्यार्थी गडबडतो. समजा, एका रोखे फंडाची वार्षिक सरासरी ७ टक्के आणि प्रमाण विचलन २ टक्के आहे. ९५ टक्क्यांवर वर्षाची व्हार ३.२९ वजा ७, म्हणजे उणे ३.७१ टक्के. यात काही चुकलेले नाही. याचा अर्थ, शंभरातल्या ९५ वर्षांत निदान ३.७१ टक्के तरी नफा पदरात पडेल.

सरासरीवर किती विसंबावे

आपल्याच उदाहरणात मुदत बदलून पाहिली, तर एक गंमत दिसते. एका दिवसाच्या गणितात १.६६५ मधून सरासरीचे फक्त ०.०४८ गेले. सरासरी अजिबात धरली नसती तरी उत्तर तीनच टक्क्यांनी बदलले असते. म्हणूनच बँकांच्या ट्रेझरीत एका दिवसाची व्हार काढताना सरासरी शून्य धरण्याची पद्धत आहे.

वर्षाच्या मुदतीला चित्र पालटते. १.६४५ गुणिले १६ म्हणजे २६.३ टक्के, त्यातून १२ गेले, राहिले १४.३ टक्के, म्हणजे १ लाख ४३ हजार रुपये. सरासरीने जवळजवळ निम्मा धोका गिळून टाकला. आणि नेमकी हीच सरासरी आपल्याला नीट ठाऊक नसते. अगदी २५ वर्षांचा इतिहास हाताशी असला, तरी १६ टक्के प्रमाण विचलनाच्या मालमत्तेच्या सरासरीत सुमारे ३.२ टक्क्यांची अनिश्चितता उरते. त्याच्या दुप्पट इकडे-तिकडे धरायचे म्हटले, तर हातातली १२ टक्के सरासरी प्रत्यक्षात ६ असू शकते किंवा १८. ती ६ निघाली, तर वर्षाची व्हार एकदम २ लाख ३ हजारांवर जाते. लांब मुदतीची व्हार कोणी छोटी करून दाखवत असेल, तर त्याने सरासरी किती धरली आहे ते आधी विचारावे.

प्रमाण विचलनाची गोष्ट वेगळी. वर्षभराच्या रोजच्या आकड्यांवरूनही त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. त्याची अडचण अशी, की ते एका जागी थांबत नाही.

२३ मार्च २०२०

कोरोनाच्या टाळेबंदीच्या त्या सोमवारी निफ्टी सकाळीच दहा टक्के पडला आणि नियमाप्रमाणे बाजार ४५ मिनिटे थांबवावा लागला. दिवसअखेर घसरण होती १२.९८ टक्के. आपल्या १० लाखांवर ती जवळजवळ १ लाख ३० हजार रुपये होते. आपली ९५ टक्क्यांची रेषा होती १६,१७० वर, ९९ ची २३,०६० वर.

दिवसाचे प्रमाण विचलन १.०१२ टक्के धरले, तर ही घसरण जवळपास तेरा प्रमाण विचलनांची भरते. प्रसामान्य वितरणाप्रमाणे असा दिवस विश्वाच्या आजवरच्या आयुष्यातही यायला नको होता. पण तो आला. मग चूक कुणाची?

बरीचशी चूक १६ या आकड्याची. तो शांत काळाचा आकडा आहे. त्या मार्चमध्ये बाजार आधीच खवळलेला होता. १२ मार्चला निफ्टी एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक पडला होता. येत्या ३० दिवसांत बाजार किती हलेल याचा ऑप्शनच्या किमतींवरून अंदाज देणारा 'इंडिया व्हिक्स' हा निर्देशांक ६० च्या पुढे गेला होता. हा आकडाही वार्षिक प्रमाण विचलनासारखाच वाचतात. ६० ला १५.८१ ने भागले, की दिवसाचे ३.८ टक्के येतात. या मापाने २३ मार्चची घसरण साडेतीन प्रमाण विचलनांच्या आत बसते. अत्यंत दुर्मीळ, पण कल्पनेपलीकडची नाही. दिवस तोच आणि घसरणही तीच. प्रमाण विचलन कोणत्या काळातले घेतले, यावर सगळे बदलले.

यावर एक उपाय म्हणजे सगळ्या दिवसांना सारखे वजन न देता ताज्या दिवसांना जास्त द्यायचे. अमेरिकेतल्या जे. पी. मॉर्गन बँकेने १९९४ मध्ये 'रिस्कमेट्रिक्स' नावाने आपली पद्धत सर्वांना खुली केली, त्यात हेच होते. रोजच्या हिशेबात कालच्या अंदाजाला ०.९४ आणि ताज्या परताव्याच्या वर्गाला ०.०६ वजन. त्याच बँकेचे प्रमुख डेनिस वेदरस्टोन यांना रोज बाजार बंद झाल्यावर, सव्वाचार वाजता, सगळ्या बँकेचा धोका एका पानावर हवा असे. व्हारचा प्रसार झाला तो या गरजेतून.

पण ताजे वजन देऊनही सगळे सुटत नाही. ४ जून २०२४ ला, लोकसभा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी ५.९३ टक्के पडला. आदल्या काही दिवसांत इंडिया व्हिक्स विशीच्या घरात होता. तो धरूनही ही घसरण चारेक प्रमाण विचलनांची भरते, म्हणजे घंटेसारख्या वक्राच्या हिशेबाने शंभराहून अधिक वर्षांत एकदा येणारी. प्रत्यक्षात मार्च २०२० नंतर सव्वाचार वर्षांतच असा आणखी एक दिवस उगवला. बाजाराच्या परताव्यांची टोके या वक्राच्या टोकांपेक्षा जाड असतात. मधल्या भागात वक्र चांगला बसतो, म्हणून ९५ टक्क्यांची व्हार बरी चालते. जसजसे टोकाकडे जावे, तसतशी ती तोटा कमी दाखवू लागते.

रेषेपलीकडचे पाणी

नियामकांना हे सुरुवातीपासून ठाऊक होते. बँकांनी बाजारातल्या धोक्यासाठी किती भांडवल बाजूला ठेवावे, याचे नियम बासल समितीने १९९६ मध्ये केले. त्यात दहा दिवसांची, ९९ टक्क्यांची व्हार घ्यायची आणि तिला किमान तीनने गुणायचे, असे ठरले. परीक्षेत दहा दिवसांची व्हार वारंवार विचारतात ती यामुळेच. आपल्या उदाहरणात ती ६९,६०० रुपयांच्या आसपास येते. गुणिले तीन म्हणजे जवळजवळ २ लाख ९ हजार. गणिताने दिलेल्या आकड्याच्या तिप्पट रक्कम राखायला लावणे, ही त्या आकड्याच्या मर्यादेची सरकारदरबारी झालेली नोंदच म्हणायची.

आपल्या शेअर बाजारातही तसेच आहे. रोखीच्या व्यवहारांवर ब्रोकरच्या खात्यात 'व्हार मार्जिन' लागते, हे शेअर घेणाऱ्या अनेकांनी पाहिलेले असते. त्याला जोडून 'एक्स्ट्रीम लॉस मार्जिन' वेगळे घेतले जाते. पहिले रेषेपर्यंतच्या पाण्यासाठी, दुसरे रेषेपलीकडच्या.

'रेषा ओलांडलीच तर सरासरी किती तोटा?' या प्रश्नाचे उत्तर देणारे दुसरे माप आहे, त्याला 'एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल' म्हणतात. सूत्र तेच, फक्त ९५ टक्क्यांसाठी गुणक १.६४५ च्या ऐवजी २.०६३. आपल्या उदाहरणात ते सुमारे २०,४०० रुपये येते: वाईट पाच टक्के दिवसांतला सरासरी तोटा. २०१६ मध्ये बासल समितीने बाजारधोक्याच्या भांडवलासाठी व्हारऐवजी हेच माप, ९७.५ टक्क्यांच्या पातळीवर, स्वीकारले. पण इथेही घंटेचाच वक्र धरला, तर जाड टोकांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

आणि वक्राच्या आधी साधी आकडेमोडही चुकू शकते. २०१२ मध्ये जे. पी. मॉर्गनच्याच लंडन कार्यालयातल्या सौद्यांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे व्हारचे नवे प्रारूप आणले होते. बँकेने नंतर केलेल्या चौकशीत आढळले, की स्प्रेडशीटमध्ये एके ठिकाणी जुन्या आणि नव्या दरांच्या सरासरीने भागायचे होते, तिथे त्यांच्या बेरजेने भागले गेले होते. बेरीज सरासरीच्या दुप्पट. त्यामुळे चढउतार निम्मे दिसले आणि व्हार खाली आली. जगाला ही पद्धत देणाऱ्या बँकेतच हे घडले.

अशी चूक पकडायला भारी गणित लागत नाही. रोजची व्हार आणि प्रत्यक्ष नफा-तोटा शेजारी मांडायचा आणि रेषा किती वेळा ओलांडली ते मोजायचे. २५० दिवसांत ९५ टक्क्यांची रेषा बारा-तेरा वेळा ओलांडली जाणे अपेक्षित आहे, ९९ ची दोन-तीन वेळा. बासलच्या नियमांत ९९ टक्क्यांच्या व्हारसाठी वर्षात चारपर्यंत उल्लंघने हिरव्या पट्ट्यात, पाच ते नऊ पिवळ्यात, दहा किंवा जास्त लाल पट्ट्यात धरली जातात. कमी उल्लंघनांनीही हुरळून जाऊ नये. ९५ टक्क्यांची रेषा वर्षभरात एकदाही ओलांडली नसेल, तर ती फार लांब आखलेली आहे. मोजताना तारखाही पाहाव्यात. बारा उल्लंघने वर्षभर विखुरलेली असली तर ठीक. त्यातली आठ एकाच महिन्यात आली असतील, तर प्रमाण विचलन बाजाराच्या मागे राहिले आहे.

घरच्या संगणकावर हे करून बघता येते. आपल्या इंडेक्स फंडाचे गेल्या २५१ दिवसांचे एनएव्ही एका रकान्यात घ्या, त्यावरून रोजचे २५० परतावे काढा, `=AVERAGE` आणि `=STDEV.S` ने सरासरी आणि प्रमाण विचलन मिळवा आणि वरच्या सूत्रात घाला. मग पुढच्या तीन महिन्यांत, म्हणजे साधारण ६० दिवसांत, ९५ टक्क्यांची रेषा किती वेळा मोडते ते टिपत जा. तीनच्या आसपास आकडा आला तर रेषा नीट आखली गेली आहे. सात-आठ झाला, तर बाजार बदलला आहे. जुने प्रमाण विचलन टाकून नवे घ्यायची वेळ आली.